मोठा K, मधली स्पेस आणि उलटसुलट वाक्यं

दिल्लीच्या एनसीईआरटीने 2019 मध्ये अकरावीच्या कॉम्प्युटर सायन्सचं नवं पुस्तक काढलं. त्यातल्या स्ट्रिंगच्या धड्यात पॅलिन्ड्रोम ओळखणारा एक छोटा पायथन प्रोग्राम आहे. डावीकडून एक अक्षर घ्यायचं, उजवीकडून एक घ्यायचं, दोन्ही जुळली तर आत सरकायचं, आणि एखादी जोडी जुळली नाही तर तिथेच नकार द्यायचा. नमुन्याला शब्द घेतला आहे kanak. प्रोग्राम होकार देतो. मग वर्गातला कुणीतरी हेच नाव आपण वहीवर लिहितो तसं, म्हणजे Kanak असं टाकतो आणि पडद्यावर नकार येतो. Nitin, Naman, Nayan या दिल्लीत पैशाला पासरी असलेल्या नावांचंही तेच होतं.

सीबीएसईच्या अकरावीच्या याच विषयात, 083 या कोडच्या अभ्यासक्रमात, प्रात्यक्षिकांची जी यादी सुचवली आहे तिथे एका ओळीत दोन कामं आहेत. स्ट्रिंग पॅलिन्ड्रोम आहे का ते ठरवा, हे पहिलं. अक्षरांची केस बदला, हे दुसरं. मध्ये फक्त अर्धविराम. रोग आणि औषध एकाच ओळीत आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं ती ओळ म्हणत नाही. बहुतेक वह्यांमध्ये हे दोन वेगळे प्रोग्राम म्हणून उतरतात.

प्रोग्राम चुकतो असं इथे म्हटलं जातं, पण तो चुकत नसतो. K चा क्रमांक 75, k चा 107. यंत्रापुढे दोन आकडे आहेत आणि ते वेगळे आहेत. 1963 साली अॅस्की हे प्रमाण पहिल्यांदा ठरलं तेव्हा त्यात लहान अक्षरं नव्हतीच. ती 1967 च्या आवृत्तीत आली, मोठ्या अक्षरांपासून बरोबर 32 घरं पुढे. योगायोग असा की स्पेसचा स्वतःचा क्रमांकही 32 आहे. स्पेस म्हणजे आपल्याला कोरी जागा. यंत्राला मात्र ते इतरांसारखंच एक अक्षर, क्रमांक असलेलं आणि रांगेत जागा अडवणारं.

हे कसं बिनसतं ते पाहायला इंग्रजीतलं जुनं वाक्य बरं पडतं: Madam, I'm Adam. स्वल्पविराम, दोन स्पेस आणि अपॉस्ट्रॉफी धरून पंधरा अक्षरं. जसंच्या तसं दिलं तर पहिल्याच जोडीत गाडी थांबते, कारण एका टोकाला M आणि दुसऱ्या टोकाला m. सगळं लहान लिपीत केलं की चार जोड्या जुळतात आणि पाचवीत m समोर स्पेस उभी राहते. स्पेस काढल्या की तेरा अक्षरं उरतात. आता पाच जोड्या जुळतात, आणि सहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जोडीत स्वल्पविरामाची गाठ अपॉस्ट्रॉफीशी पडते. तीही विरामचिन्हं गेली की madamimadam ही अकरा अक्षरं राहतात आणि होकार मिळतो. अर्धवट सफाईचं लक्षण हेच: नकार येतच राहतो, फक्त दर वेळी जरा आत जाऊन येतो. म्हणून नुसतं हो-नाही छापण्यापेक्षा कोणती जोडी फसली ते छापलं तर काय काढायचं राहिलं आहे ते लगेच कळतं.

या सफाईत नवशिके जिथे अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पायथनमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. नुसतं s.lower() लिहिलं की नवी स्ट्रिंग तयार होते, ती कुणी धरून ठेवली नाही म्हणून वाऱ्यावर जाते, आणि s पूर्वीइतकाच मोठ्या अक्षरांचा राहतो. s = s.lower() असं लिहावं लागतं. strip() स्पेस काढतं हे खरं, पण फक्त दोन्ही टोकांच्या. मधल्यांना हात लावत नाही. replace(" ", "") मधल्या स्पेस काढतं, पण साध्या स्पेसच. फाईलमधून ओळ वाचली तर शेवटी नव्या ओळीचं चिन्ह चिकटून येतं, आणि मग kanak सुद्धा नापास होतो. वर्डमधून किंवा पीडीएफमधून वाक्य उचललं तर त्यात न तुटणारी स्पेस असू शकते; ती दिसते स्पेससारखीच, पण तिचा क्रमांक 160 आहे. तसाच वळणदार अपॉस्ट्रॉफी. विरामचिन्हं काढायला पुष्कळजण string.punctuation वापरतात. त्यात 32 चिन्हं आहेत आणि सगळी अॅस्कीतली. वळणदार अपॉस्ट्रॉफी त्यात नाही, हिंदीचा पूर्णविराम म्हणून येणारा दंडही नाही.

काय नको याची यादी अशी कधी संपत नाही. म्हणून प्रश्न उलटा करणं सोपं पडतं: काय हवं? अक्षरं आणि अंक हवेत, बाकी सगळं गेलं तरी चालेल. लीटकोडच्या 125 क्रमांकाच्या सुप्रसिद्ध प्रश्नात हाच नियम स्पष्ट लिहिलेला आहे, आणि नोएडा-गुरुग्रामच्या मुलाखतींची तयारी करणारे बहुतेकजण तो प्रश्न कधी ना कधी सोडवतात.

```python
def saaf(s):
    return "".join(c for c in s.casefold() if c.isalnum())

def ulatsulat(s):
    t = saaf(s)
    return t == t[::-1]
```

casefold() हे lower() चं कडक रूप आहे. जर्मन ß ला ते ss करतं. इंग्रजीपुरता दोघांत फरक नाही. मूळ s ला धक्का लावलेला नाही, हेही पाहण्यासारखं आहे. तुलना साफ प्रतीशी होते, उत्तर छापताना मात्र वापरणाऱ्याने टाइप केलेलंच वाक्य दाखवता येतं.

isalnum() ऐवजी isalpha() लिहिलं तर काय होईल? इंग्रजी वाक्यांवर काहीच नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. 02/02/2020 ही तारीख तिरप्या रेघा काढल्या की उलटसुलट सारखी वाचते, म्हणून ती चाचणीला घेतली जाते. isalpha() अंकांनाही हाकलून देतं. उरते रिकामी स्ट्रिंग. रिकामी स्ट्रिंग उलटी केली तरी रिकामीच, म्हणून उत्तर होकारार्थी. कोड बरोबर आहे असं वाटतं. मग 15/08/1947 टाकावी. तीही पॅलिन्ड्रोम ठरते. जगातली कुठलीही तारीख ठरेल. रिकाम्या स्ट्रिंगला होकार द्यायचा की नाही हा संकेताचा भाग आहे, लीटकोडच्या प्रश्नात होकारच द्यायचा असतो. पण सफाईनंतर काहीच उरलं नाही ही गोष्ट वापरणाऱ्याला कळायला हवी.

चाचणीला घेतलेलं उदाहरण किती फसवं असू शकतं याचा एक अस्सल दिल्लीकर नमुना म्हणजे 110011 हा नवी दिल्लीचा पिनकोड. उलटा वाचला तरी तोच. पिनकोड लिहिताना आपण बहुधा तीन आकड्यांनंतर जागा सोडतो: 110 011. या रूपात तो सफाई न करणाऱ्या प्रोग्रामलाही दिला तरी पास होतो, कारण स्पेस नेमकी मधोमध आहे आणि उलटवल्यावर मधोमधच राहते. स्पेसचा बंदोबस्त झाला असा समज करून घ्यायला हे उदाहरण पुरेसं आहे. दिल्लीचा एसटीडी कोड 011 याच्या उलट त्रास देतो. स्ट्रिंग म्हणून तो पॅलिन्ड्रोम नाही. पण कुणी int() लावून अंक उलटवायची पद्धत वापरली, तर पुढचं शून्य गळून 11 उरतं आणि ते पॅलिन्ड्रोम आहे. इथे सफाई कुणी मागितलेली नव्हती. प्रकार बदलताना ती आपोआप झाली.

केसचा प्रश्न 32 च्या फरकावरून सोडवायची हौसही काहींना असते: दोन क्रमांकांत 32 चा फरक असेल तर ते एकाच अक्षराचे मोठं आणि लहान रूप समजायचं. K आणि k ला हे लागू पडतं. पण शून्याचा क्रमांक 48 आणि P चा 80. त्यांच्यातही 32 चाच फरक, म्हणून 0P ही स्ट्रिंग पॅलिन्ड्रोम ठरते. लीटकोडच्या चाचण्यांत 0P मुद्दाम ठेवलेली आहे, आणि तिने पुष्कळांना पाडलं आहे.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजी पाठ्यपुस्तकाची झाली. दिल्लीत सीबीएसईच्या शाळेत शिकणारं मराठी घरातलं मूल मात्र केव्हातरी आजीने शिकवलेलं वाक्य त्याच प्रोग्रामला देणार. रामाला भाला मारा. हे मराठीतलं बिनचूक उलटसुलट वाक्य आहे: रा, मा, ला, भा, ला, मा, रा. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, म्हणजे निम्मं काम वाचलं. राहिल्या दोन स्पेस. त्या काढून प्रोग्राम चालवावा, तर नकार.

याचं मूळ पुन्हा दिल्लीतच सापडतं. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे प्रमाण नवी दिल्लीच्या भारतीय मानक ब्यूरोने आयएस 13194 म्हणून 1991 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या आधीच्या 1988 च्या रूपावरून युनिकोडने देवनागरीचा तक्ता घेतला. या मांडणीत व्यंजनाला एक क्रमांक आणि मात्रेला वेगळा. रा म्हणजे आधी र, मग काना. उलटवल्यावर आधी काना येतो, मग र. नवजीवन हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा आणि सरळ उलटसुलट दिसतो, पण यंत्राकडे तो सहा क्रमांकांचा आहे: न, व, ज, दीर्घ वेलांटी, व, न. उलट्या क्रमात वेलांटी ज च्या आधी जाते आणि व ला चिकटते. कनक, नयन, नमन, सरस हे शब्द मात्र निर्धास्त पास होतात, कारण त्यांत एकही मात्रा नाही. चाचणीला हेच शब्द घेतले तर देवनागरी चालते असं प्रशस्तिपत्र फुकट मिळतं.

(मलयालम हा या सगळ्यातला गमतीदार शब्द. Malayalam केस काढली की पास. हिंदी लिहितात तसा मलयालम, अक्षरं धरून मोजला तर तोही पास. मराठीत ळ आला की खेळ खलास.)

आता यावर मघाची सफाई लावली तर काय होतं? आश्चर्य म्हणजे रामाला भाला मारा पास होतं. नवजीवनही पास होतं. आनंद मात्र लवकर आवरावा, कारण काकू हा शब्दही पास होतो, आणि मामीही.

मात्रा युनिकोडच्या हिशेबी अक्षर नाही. ती अक्षराला लागणारी खूण आहे, तिचा वर्ग वेगळा. म्हणून पायथनचं isalnum() काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांपैकी प्रत्येकाला नाही म्हणतं. इंग्रजीत कचरा काढणारी ओळ देवनागरीत स्वरच काढून टाकते. काकूचं कक होतं, मामीचं मम, आणि ते अर्थातच दोन्हीकडून सारखं. उलट जे खरंच उलटसुलट आहे ते नापास होऊ शकतं. भाऊ तळ्यात ऊभा हे वाक्य घ्यावं. उभा मधला उ इथे हट्टाने दीर्घ लिहायचा असतो. लहानपणी ती सूट सगळेच देतात. अक्षरं मोजली तर भा, ऊ, त, ळ्या, त, ऊ, भा, बिनचूक. सफाईत ळ्या मधला हलन्त आणि काना जातो आणि ळय अशी दोन सुटी व्यंजनं राहतात. उलटवल्यावर ती यळ होतात. नकार. रेग्युलर एक्सप्रेशनमधलं \W वापरूनही सुटका नाही. पायथनचं अंगभूत re मात्रांना शब्दातलं अक्षर मानत नाही, आणि वर अंडरस्कोर मात्र ठेवून घेतं.

म्हणजे देवनागरीसाठी आधी ठरवावं लागतं ते हे की तुलना कशाकशाची करायची. मराठी कानाला उलटसुलट वाचन अक्षरांचं असतं, व्यंजन अधिक मात्रा अशा पूर्ण अक्षराचं, जोडाक्षर असेल तर ते अखंड. मग कोडनेही आधी अक्षरं वेगळी करावीत आणि त्यांची यादी उलटवावी.

```python
import unicodedata as u

def akshare(s):
    out = []
    for c in u.normalize("NFC", s.casefold()):
        k = u.category(c)[0]
        if k == "M" and out:
            out[-1] += c
        elif k == "L" and out and out[-1].endswith("्"):
            out[-1] += c
        elif k in "LN":
            out.append(c)
    return out
```

वर्गाचं पहिलं अक्षर M म्हणजे मात्रेसारखी खूण. ती आधीच्या अक्षराला जोडली जाते. L म्हणजे वर्ण. त्याच्या आधीचं अक्षर हलन्ताने संपत असेल तर हा वर्ण त्याच जोडाक्षराचा भाग. नाहीतर नवं अक्षर सुरू. N म्हणजे अंक. स्पेस, स्वल्पविराम, दंड, न तुटणारी स्पेस यांतलं काही या तीन वर्गांत बसत नाही, म्हणून ते न सांगता गळतं. मराठीत र्‍य लिहिताना मध्ये येणारं अदृश्य जोडचिन्हही असंच गळतं आणि जोडाक्षर शाबूत राहतं. सुरुवातीचं NFC हे एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असेल तर त्यांना एका रूपात आणतं. हिंदी मजकुरातला नुक्त्याचा ड़ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आता akshare(s) ची यादी आणि तिची उलटी यादी ताडून पाहायची. रामाला भाला मारा, टेप आणा आपटे, काका वाचवा काका, भाऊ तळ्यात ऊभा, सगळी वाक्यं पास. काकू आणि मामी नापास. आणि Madam, I'm Adam अजूनही पास, कारण इंग्रजी अक्षरांना मात्रा नसते आणि ती एकेकटीच यादीत बसतात.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर regex नावाचं पायथनचं वेगळं पॅकेज \X ने मजकुराचे असे तुकडे करून देतं. तिथे एकच गोष्ट तपासून घ्यावी. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या ठरीव तुकड्यांच्या नियमांत 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर बेतलेलं साधन तळ्यात मधल्या ळ्या चे ळ् आणि या असे दोन तुकडे करतं, आणि भाऊ पुन्हा तळ्यात अडकतो.

शेवटची अडचण सफाईची नाही, शुद्धलेखनाची आहे. चिमा काय कामाची हे बहुधा सर्वांत जास्त मराठी तोंडी असलेलं उलटसुलट वाक्य वरच्या कोडला दिलं की नापास होतं. चूक शोधायला जावं तर सापडत नाही, कारण चि ऱ्हस्व आणि ची दीर्घ, दोन्ही खरंच वेगळी. तो कवी डालडा विकतो याचंही तसंच: एकीकडे वी, दुसरीकडे वि. बोलण्यात या फरकाकडे कुणी पाहत नाही, लेखनात तो आहे. ज्याला ही वाक्यं पास व्हायला हवीत त्याने तुलनेआधी आणखी एक पायरी घालावी.

```python
JODYA = str.maketrans("िुइउ", "ीूईऊ")
s = s.translate(JODYA)
```

आता दोन्ही वाक्यं पास होतात, आणि उभा ऱ्हस्व लिहिला तरी भाऊही पास होतो. पण ही सवलत आहे आणि तिची किंमत आहे: दिन आणि दीन यांतला फरक प्रोग्रामला यापुढे दिसणार नाही. कोशासाठी किंवा शब्दकोड्यासाठी साधन बनवणाऱ्याने ही पायरी घालू नये, मुलांच्या खेळासाठी बनवणाऱ्याने खुशाल घालावी. मोठ्या-लहान लिपीबाबतही खरं तर हाच प्रश्न होता, फक्त इंग्रजीत सर्वांचं उत्तर एकच असल्यामुळे तो विचारला जात नाही. पासवर्ड तपासायचा असेल तर तिथेही K आणि k एक करून चालणार नाही.

कुठलीही सफाई लिहिली तरी तिचं फळ डोळ्यांनी पाहण्याचा सोपा उपाय print(repr(t), len(t)) हा आहे. repr मुळे नव्या ओळीचं चिन्ह \n असं, न तुटणारी स्पेस \xa0 अशी आणि अदृश्य जोडचिन्ह \u200d असं उघडं पडतं. देवनागरीत यादीच छापावी. ['रा', 'मा', 'ला', …] दिसलं तर तुकडे बरोबर पडले, ['र', 'म', 'ल', …] दिसलं तर मात्रा गेल्या. चाचणीला घ्यायच्या वाक्यांत नापास व्हायलाच हवीत अशी काही असावीत: 15/08/1947, 0P, काकू.

वरचं akshare() एका जागी अजून फसतं. शब्द हलन्ताने संपला आणि पुढे स्पेस असली, जसं वाक् आणि मग कुठलाही शब्द, तर स्पेस गळल्यामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन त्या हलन्ताला जोडलं जातं. मराठीत असे शब्द मोजके, संस्कृतात मात्र पदोपदी. तिथे वाक्याचे आधी स्पेसवर शब्द पाडावेत, प्रत्येक शब्दाची अक्षरं वेगळी करावीत, आणि मगच सगळ्या याद्या एकामागे एक जोडून उलटवाव्यात.